टिपणीतला ‘खर्च’ आणि ‘अंदाजित खर्च’

प्रश्न : महाविद्यालयाच्या संगणक खरेदीच्या स्लाइडवर ‘तरतूद १५ लाख, खर्च १३.५ लाख, बचत १.५ लाख’ असं आहे. खरेदी समितीपुढे लेखी टिपणी ठेवायची आहे. तिच्यात हेच शब्द चालतील ना?

‘तरतूद’ चालेल, बाकीचे दोन बदला.

‘तरतूद’ म्हणजे अंदाजपत्रकात त्या कामासाठी राखून ठेवलेली रक्कम. ती आहे म्हणून खर्चाची परवानगी मिळाली असं होत नाही, त्यासाठी वेगळी मान्यता लागते. ‘खर्च’ हा शब्द हिशेबात झालेल्या खर्चाला वापरतात. तुमचे पैसे अजून गेलेलेच नाहीत, म्हणून ‘अंदाजित खर्च’ म्हणा. इथे ‘अंदाजे’ मात्र नको. ‘अंदाजे १३.५ लाख’ म्हटलं की रक्कम डोळ्यांनी जोखल्यासारखी वाटते. ‘अंदाजित’ म्हटलं की मागे दरपत्रकं आणि आकडेमोड आहे असं वाचणारा धरून चालतो, आणि ती आकडेमोड मागतोही.

म्हणून आकड्याची फोड करून पाहा. समजा, ३० संगणक आहेत आणि दर प्रत्येकी ४५,००० रुपये. म्हणजे साडेतेरा लाख, पण कर वगळून. १८ टक्के जीएसटी धरला की एक संगणक ५३,१०० रुपयांना पडतो आणि ३० संगणकांचे १५,९३,००० होतात. दीड लाखाची बचत दूरच, तरतूद ९३,००० रुपयांनी कमी पडते. स्लाइडवर ‘कर अतिरिक्त’ हे शब्द तळाशी बारीक अक्षरांत असतात आणि टिपणी लिहिताना ते हमखास गळतात. दरपत्रकावर आधी तेच शोधा.

‘बचत’ तशीही चुकीचीच होती. तरतुदीतून न वापरलेली रक्कम ‘शिल्लक’ असते. त्याच कामाचा खर्च खरोखर कमी झाला, तरच बचत.

आता समितीने नेमकं काय मंजूर करायचं, ते पूर्ण वाक्यात लिहा. ‘मान्यता मिळावी’ एवढ्यावर थांबू नका, किती रकमेला आणि कोणत्या लेखाशीर्षातून हेही यायला हवं :

‘प्राप्त दरपत्रकांच्या सोबत जोडलेल्या तुलनात्मक तक्त्यानुसार ३० संगणकांचा करासह अंदाजित खर्च रु. १५,९३,००० आहे. संगणक खरेदी या लेखाशीर्षाखाली तरतूद रु. १५,००,००० आहे. कमी पडणारे रु. ९३,००० फर्निचर या लेखाशीर्षातील शिल्लक तरतुदीतून पुनर्विनियोजनाने उपलब्ध करून देण्यास व एकूण कमाल रु. १५,९३,००० पर्यंतच्या खर्चास मान्यता मिळावी.’

फर्निचरच्या शीर्षात तेवढी शिल्लक आहे का, हे लेखापालांकडून आधी तपासून घ्या. नसेल तर २८ संगणकांचा प्रस्ताव ठेवा, तो करासह १४,८६,८०० रुपयांत बसतो. मात्र संख्या घटल्यावरही पुरवठादाराचा दर तोच राहणार का, हे त्याच्याकडून लेखी घ्या.