अकरा वाजून दहा मिनिटं झाली, मुलाखत घेणारे आलेच नाहीत

“मॅडम, परवा माझी ऑनलाइन मुलाखत आहे. मागच्या वेळी समोरचे साहेब आलेच नाहीत. मी अर्धा तास स्क्रीनकडे बघत बसलो आणि शेवटी बंद केलं. एचआरच्या ताईंना मेसेज करावासा वाटत होता, पण घाई करतोय, डोक्यावर बसतोय असं त्यांना वाटेल म्हणून केला नाही. परत तसंच झालं तर काय करू?” — नंदुरबारचा एक विद्यार्थी

दहाव्या मिनिटाला मेसेज कर. घाई करू नये हा संस्कार चांगलाच आहे, पण इथे गप्प बसण्यात तुझं नुकसान आहे. कसं, ते अमळनेरच्या एका मुलीच्या अनुभवावरून सांगते.

ती बी.सी.ए. झालेली. पुण्यातल्या एका कंपनीत टेक्निकल सपोर्टच्या जागेसाठी तिची मुलाखत सकाळी ११ वाजता होती. घरी नेटचा भरवसा नाही, म्हणून मामांच्या घरी माडीवरच्या खोलीत बसली होती. १०:५५ला ती मीटिंगमध्ये गेली. स्क्रीनवर फक्त तिचाच चेहरा. अकरा वाजले, पाच झाले, सात झाले. मामी चहा घेऊन दारात आल्या आणि हळूच म्हणाल्या, “त्या मोठा लोके सेतस, येतीन ना.” आपल्याकडे बहुतेक घरांत हाच सल्ला मिळतो. तिनेही तो ऐकला असता, पण आमचं आधी बोलणं झालं होतं, त्यामुळे दहाव्या मिनिटाला काय करायचं ते तिला पक्कं ठाऊक होतं.

तू ज्याला “ते आले नाहीत” म्हणतोस, ते तिकडून “उमेदवार आला नाही” असंही दिसू शकतं. भुसावळ जंक्शनवर एक जण पुलाच्या अलीकडे आणि दुसरा पलीकडे उभा, आणि दोघांनाही वाटतं की समोरचा आलाच नाही, तसं. मुलाखत घेणारा साधारण दहा-पंधरा मिनिटं थांबतो, मग गैरहजर अशी नोंद करून पुढच्या कामाला लागतो. तुझ्याकडून काहीच कळलं नाही तर ती नोंद तशीच राहते. शिवाय त्याच्याकडे बहुतेक वेळा तुझा नंबर नसतो. दोघांनाही ओळखणारी व्यक्ती एकच, रिक्रूटर. म्हणून मेसेज तिलाच करायचा. मुलाखत घेणाऱ्यांना लिंक्डइनवर शोधून काढून थेट लिहायचं नाही. ते त्यांना आवडत नाही, आणि ते आधीच दुसऱ्या मीटिंगमध्ये असतील तर वाचणारही नाहीत.

पहिली पाच मिनिटं स्वतःच्या बाजूची तपासणी करायची. निमंत्रणाचा मेल पुन्हा उघडायचा. तारीख आणि वेळ तीच आहे ना? कंपनी परदेशी असेल तर वेळ कुठल्या देशाची लिहिली आहे? सिंगापूरचे ११ म्हणजे आपले सकाळचे ८:३०. स्पॅमचं फोल्डर आणि आपला दुसरा मेल आयडीही बघायचा, कारण वेळ किंवा लिंक बदलल्याचं पत्र हमखास तिथे जाऊन पडतं. आणि आपण खरोखर मीटिंगच्या आत आहोत की बाहेर थांबलोय, ते नीट वाचायचं. ‘आत घेण्याची विनंती पाठवली आहे’ अशा अर्थाचं काही दिसत असेल, तर कोणी तरी आतून परवानगी देईपर्यंत तू बाहेरच आहेस, आणि आतल्या माणसाचं तिकडे लक्ष गेलं नसेल अशी शक्यता असते. मेसेजमध्ये हे स्पष्ट लिहावं लागतं, कारण दोन्हींवर उपाय वेगळा आहे.

त्या मुलीने ११:१०ला पाठवलेला मेसेज असा होता:

“नमस्कार मॅडम. टेक्निकल सपोर्टच्या जागेसाठी आज ११ वाजता माझी मुलाखत आहे. मी १०:५५पासून मीटिंगच्या आत आहे, अजून कोणी जॉईन झालेलं नाही. मी ज्या लिंकवर आहे ती खाली देते, हीच बरोबर आहे का, एवढं बघाल का? मी ११:३०पर्यंत इथेच थांबते. सरांना आज जमणार नसेल तर दुसरी वेळ कळवा, मला चालेल.”

खाली पूर्ण नाव, फोन नंबर आणि लिंक. रिक्रूटर मराठीत बोलणाऱ्या होत्या म्हणून मराठीत लिहिलं. त्या इंग्रजीत बोलत असतील तर हेच, याच क्रमाने, इंग्रजीत.

यात तक्रारीचा एक शब्द नाही. “अजून किती वेळ?” नाही, “सर कुठे आहेत?” नाही. त्या बाईंकडे त्या दिवशी कितीतरी उमेदवार असतात. नुसतं “हॅलो मॅडम” लिहून उत्तराची वाट पाहिली, तर कोण, कुठली जागा, किती वाजताची मुलाखत हे विचारण्यातच पाच मिनिटं जातात. सगळं एकाच मेसेजात असलं की त्यांना फक्त कॅलेंडर उघडून बघायचं उरतं. तिने तोच मजकूर निमंत्रणाच्या मेललाही उत्तर म्हणून टाकला. व्हॉट्सॲप लवकर वाचलं जातं, पण नंतर वाद झाला तर मेलच्या त्याच साखळीत वेळेसकट लेखी नोंद राहते.

११:१४ला उत्तर आलं. आदल्या संध्याकाळी मुलाखत घेणारे बदलले होते. मूळ निमंत्रण रद्द करून नवं तयार केलं होतं आणि नव्याची लिंक वेगळी होती. आहे त्याच निमंत्रणाची नुसती वेळ सरकवली असती तर लिंक सहसा तीच राहिली असती. नवं निमंत्रण मात्र तिच्या कॉलेजच्या जुन्या मेल आयडीवर गेलं होतं. नोकरीच्या पोर्टलवर तिने तोच दिलेला होता आणि तो ती उघडत नव्हती. नवे साहेब ११ वाजल्यापासून दुसऱ्या लिंकवर एकटे बसले होते. ११:१६ला ती तिथे पोचली. मुलाखत ठरल्यापेक्षा थोडी छोटी झाली, पण झाली.

दर वेळी उत्तर चार मिनिटांत येत नाही, हेही सांगते. काहीच आलं नाही तर विसाव्या मिनिटाला एकदा रिक्रूटरना फोन करायचा. उचलला नाही तर पुन्हा पुन्हा लावायचा नाही. लिहिलेली वेळ होईपर्यंत कॅमेऱ्यासमोरून उठायचं नाही, कारण माणूस कधीकधी पंचविसाव्या मिनिटाला धावतपळत येतो. त्यानंतर त्याच मेलवर दोन ओळी टाकायच्या: मी ११:३०पर्यंत होतो, आता बाहेर पडतोय, उद्या-परवा या वेळेत मी मोकळा आहे. मग दुसऱ्या दिवशी दुपारनंतर एकदा आठवण. दिलेली दुसरी वेळही कोणी न येता, न कळवता गेली, तर माझ्या मते त्या जागेचा नाद सोडून दुसऱ्या अर्जांकडे वळावं. दोन तारखा गेल्यावर मुलं उगाच महिनाभर त्याच एका कंपनीकडे डोळे लावून बसतात, ते बघवत नाही.

आणि मेसेज गेल्यावर साहेब बाराव्या मिनिटाला आलेच, तर किती वेळ थांबलो ते त्यांना ऐकवायचं नाही. “नमस्कार सर, माझा आवाज येतोय ना?” एवढ्याने सुरुवात करायची. रिक्रूटर ताईंना मात्र मुलाखत संपल्यावर लगेच कळवायचं, “सर आले होते, मुलाखत झाली, धन्यवाद”, म्हणजे त्या तिकडे शोधाशोध करत राहणार नाहीत. तुझी परवाची आहे. आज रात्रीच तो मजकूर फोनमध्ये लिहून ठेव, वेळ आणि लिंकची जागा मोकळी सोड, आणि पोर्टलवर कुठला मेल आयडी दिलाय ते आत्ताच उघडून बघ.