दरवाढीची नोटीस गेल्यावर: वर्गणीच्या व्यवसायातील प्रश्नोत्तरे

प्रश्न: आम्ही तासगाव, कवठेमहांकाळ भागातील द्राक्ष बागायतदारांना मोबाइलवरून फवारणी आणि खतांचा सल्ला देतो. १२०० वर्गणीदार आहेत, महिना २०० रुपये घेतो. ते २६० करायचे आहेत. मार्चमध्ये माल विकून हातात पैसे असतात, म्हणून तेव्हाच सगळ्यांना एकदम मेसेज टाकावा असा विचार आहे. किती जण त्यामुळे सोडून गेले हे नंतर कसे कळेल?

एकदम सगळ्यांना मेसेज गेला, तर ते कधीच कळणार नाही. माल उतरला की सल्ल्याची निकड संपते, त्यामुळे मार्च-एप्रिलमध्ये दर वाढवला नाही तरी बरेच जण वर्गणी थांबवतात आणि खरड छाटणी झाल्यावर किंवा थेट ऑक्टोबरच्या गोडी छाटणीच्या तोंडावर परत येतात. नोटीस त्याच महिन्यात गेली, तर हंगामामुळे गेलेले आणि दरामुळे गेलेले एकाच आकड्यात मिसळतील आणि तुम्ही घाबरून दर मागे घ्याल. नोटीस जूनच्या मध्यावर द्यावी. तोपर्यंत खरड छाटणीनंतरची धावपळ संपलेली असते आणि ऑक्टोबरच्या छाटणीला अवकाश असतो.

महिना कोणताही निवडला तरी, ज्यांना अजून नोटीस गेलेली नाही असा एक गट शेजारी हवा. वर्गणीदारांची विभागणी एकेका माणसाच्या चिठ्ठीने करू नये. सावळजमधल्या एकाला २६० आणि त्याच्या बांधाला बांध असलेल्याला २०० असे झाले, की संध्याकाळपर्यंत गावाच्या ग्रुपवर दोन्ही मेसेज शेजारी-शेजारी पडलेले असतात. त्यानंतर जे सोडतील ते दरापेक्षा दुजाभावामुळे सोडतील. म्हणून चिठ्ठ्या गावांच्या टाकाव्यात. तुमचे वर्गणीदार ४० गावांत असतील, तर १२ गावे पहिल्या टप्प्यात घ्यावीत आणि बाकीच्या २८ गावांना नंतर कळवावे. ‘नवा दर गावनिहाय टप्प्याटप्प्याने लागू होत आहे’ हे नोटिशीतच लिहावे. ते खरेही आहे आणि विचारणाऱ्याला सांगताही येते. ओळखीची किंवा ‘समजूतदार’ गावे आधी निवडण्याचा मोह मात्र टाळावा.

आता मोजण्याचा काळ. नोटीस ३० दिवस आधी दिली आणि प्रत्येकाची वर्गणी महिन्यातील वेगवेगळ्या तारखेला कापली जात असेल, तर नव्या दराची पहिली कपात सर्वांच्या बाबतीत पूर्ण व्हायला नोटिशीपासून सुमारे ६० दिवस लागतात. लोक सहसा तीन वेळा निर्णय घेतात: नोटीस वाचल्यावर दोन-चार दिवसांत, कपातीच्या आदल्या दिवशी बँकेचा पूर्वसूचनेचा मेसेज आल्यावर, आणि खात्यातून वाढीव रक्कम प्रत्यक्ष गेल्यावर. पहिल्या आठवड्याचा आकडा पाहून निष्कर्ष काढणारे उरलेल्या दोन लाटा हिशेबातच घेत नाहीत. म्हणून ७५ दिवस धरावेत आणि दोन्ही गटांना त्याच तारखेपासून तेवढेच दिवस मोजावे.

समजा, पहिल्या १२ गावांत ३६० वर्गणीदार होते आणि ७५ दिवसांत ५० गेले, म्हणजे शंभरात सुमारे १४. उरलेल्या २८ गावांतील ८४० पैकी ६३ गेले, म्हणजे शंभरात साडेसात. हे साडेसात नोटीस नसतानाही जाणारच होते. तेव्हा दरवाढीच्या नावावर शंभरात साधारण साडेसहाच मांडायचे, ३६० मध्ये सुमारे २३ माणसे. नुसते ५० पाहिले असते, तर नुकसान दुपटीहून अधिक वाटले असते.

हे परवडले का, तेही याच आकड्यांवरून दिसते. दर वाढवला नसता तर शंभरातील साडेब्याण्णव जण राहून महिना १८,५०० रुपये आले असते. वाढवल्यावर ८६ जण राहिले आणि २२,३६० रुपये आले. उत्पन्न जुन्या पातळीवर उतरायला शंभरातील फक्त ७१ उरावे लागतील, तेव्हा हाताशी बरीच जागा आहे. मात्र ही एका टप्प्याची गोष्ट झाली. नव्या दरावरची माणसे पुढेही दरमहा थोडी अधिक वेगाने गळत राहिली, तर ही जागा हळूहळू संपते. त्यामुळे दुसऱ्या टप्प्याची नोटीस काढण्यापूर्वी पहिल्या गावांचा आणखी एक महिना पाहून घ्यावा.

एक सावधगिरी. गावांच्या चिठ्ठ्या टाकल्या, की माणसे घोळक्याने जातात. ५० पैकी २० जण एकाच गावचे निघाले, तर आधी त्या गावात काय घडले ते विचारावे. अवकाळीने बागा गेल्या असतील किंवा एखाद्या औषध दुकानदाराने फुकट सल्ला सुरू केला असेल. त्या गावाला वगळून आणि धरून असा दोनदा हिशेब करावा. दोन्हींत फार तफावत पडली, तर साडेसहा हा आकडा पक्का समजू नये.

प्रश्न: विट्याजवळ दूध संकलन केंद्रांना आम्ही हिशेबाचे सॉफ्टवेअर देतो. १५० केंद्रे, वार्षिक ३,६०० रुपये, आता ४,८०० केले. सुरुवातीपासूनच्या ४० केंद्रांना जुनाच दर कायम ठेवला आहे. नोटीस देऊन दोन महिने झाले, फक्त ३ केंद्रे गेली. म्हणजे १५० मध्ये दोन टक्के. दरवाढ पचली असे समजावे ना?

एवढ्यात समजू नये. वार्षिक वर्गणीत माणूस पैसे भरून बसलेला असतो. नोटीस आवडली नाही तरी तो मुदत संपेपर्यंत गप्प राहतो. त्यामुळे भागाकार १५० ने करायचा नसतो, तर या दोन महिन्यांत ज्यांचे नूतनीकरण आले होते त्यांच्या संख्येने करायचा असतो. दर वाढलेल्या ११० केंद्रांपैकी समजा १८ केंद्रांची मुदत या काळात संपली असेल, तर १८ पैकी ३ म्हणजे सहातील एक केंद्र गेले. हा आकडा दोन टक्क्यांहून फारच वेगळा आहे, आणि १८ हा नमुना लहान असल्याने तोही अजून डळमळीत आहे. दर महिन्याला वहीत तीनच रकाने भरावेत: या महिन्यात मुदत संपलेली केंद्रे, त्यांपैकी नव्या दराने भरलेली, न भरलेली. वर्ष पूर्ण झाल्याशिवाय सर्व ११० केंद्रांचा निर्णय तुमच्यापर्यंत पोहोचणारच नाही. निदान सहा महिन्यांचे रकाने भरल्यावर मत बनवावे, आणि गेल्या वर्षीच्या त्याच महिन्यांत किती जणांनी भरले नव्हते ते शेजारी लिहावे.

त्या ४० केंद्रांना तुलनेचा गट मानण्याचा मोहही होईल, कारण त्यांचा दर वाढलेला नाही. पण ती तुमची सर्वांत जुनी, सर्वांत निष्ठावान केंद्रे आहेत. दर तोच असता तरी ती इतरांपेक्षा कमीच गळली असती. त्यांच्याशी तुलना केली, तर दरवाढीचा फटका आहे त्याहून मोठा दिसेल.

राहिला ‘कायम’ हा शब्द. माझ्या मते तो वापरायला नको होता, पण आता दिला आहे तर त्याला चौकट घालावी. जुना दर नेमक्या कोणत्या सेवेचा हे लिहून ठेवावे. आजच्या सोयी ३,६०० मध्ये राहतील, पण उद्या उत्पादकांना एसएमएस पाठवण्याची सोय जोडली तर तिचा दर वेगळा, असे. जीएसटी धरून की वगळून, हेही त्यात यावे. १८ टक्क्यांवरून होणारा वाद सर्वांत कटू असतो. जुना दर अखंड नूतनीकरणाच्या अटीवर असावा, मात्र खंड ठरवताना ३० दिवसांची सवलत ठेवावी, कारण दहा दिवसांच्या बिलावर चालणाऱ्या केंद्राचा चेक आठवडाभर मागे-पुढे होतोच. शिवाय दर माणसाच्या नावाशी न जोडता केंद्राच्या कोडशी जोडावा. सचिव बदलला, की ‘आमच्या आधीच्यांना जुना दर होता’ हा वाद हमखास उभा राहतो. या सवलतीची किंमतही समोर ठेवावी: ४० केंद्रे, प्रत्येकी १,२०० रुपये, वर्षाला ४८,००० रुपये. दुसरी दरवाढ आली की ती आणखी फुगेल.

प्रश्न: मिरजेतून ऑनलाइन तबला शिकवते. ९० विद्यार्थी, महिना ५०० रुपये, यूपीआय ऑटोपेवर. या महिन्यापासून ६५० केले, महिनाभर आधी कळवले होते. १८ जणांचे पैसे आले नाहीत. एवढे विद्यार्थी गेले का?

बहुतेक गेलेले नाहीत. पेमेंट गेटवेच्या नोंदीत प्रत्येक फसलेल्या कपातीपुढे कारण लिहिलेले असते, ते आधी वाचावे. ऑटोपेची संमती देताना विद्यार्थ्याने रकमेची मर्यादा मंजूर केलेली असते. ती ५०० ची असेल तर ६५० ची मागणी बँक नाकारते. त्या विद्यार्थ्याला कदाचित काही घडल्याचे ठाऊकही नसेल. त्याच्याकडून वाढीव रकमेची नवी संमती घ्यावी लागते, त्याला इलाज नाही. काहींच्या खात्यात शिल्लक नसेल, त्यांच्यासाठी कपात पुन्हा करून पाहावी. संमती स्वतः रद्द केल्याची नोंद ज्यांच्यापुढे आहे, तेवढेच आज ‘गेले’ म्हणून लिहावेत.

नव्या संमतीची लिंक पाठवून दोन आठवडे थांबावे आणि मध्ये एकदा स्वतः फोन करावा. त्यानंतरही जे उरतील त्यांना सोडून गेलेल्यांत धरावे, पण वेगळ्या रकान्यात, कारण ‘दर पटला नाही’ आणि ‘पुन्हा पिन टाकायचा कंटाळा केला’ यांवरचे उपाय वेगळे आहेत. पुढे नव्या विद्यार्थ्यांकडून संमती घेताना मर्यादा ८०० ठेवता येईल. मात्र प्रत्यक्ष कपात ६५० चीच होणार हे त्याच वेळी सांगावे, नाहीतर आकडा पाहूनच काही पालक मागे फिरतात.

प्रश्न: आम्ही जतचे. दरवाढीच्या नोटिशीत ‘बंद करायचे असल्यास’ असे लिहिले तर आपणच रस्ता दाखवल्यासारखे होत नाही का?

रस्ता त्यांना बँकेच्या पूर्वसूचनेत आणि यूपीआय ॲपमध्ये तसाही दिसतो. तुम्ही लपवलात, तर ते तिथून संमती काढून घेतील आणि कारण तुम्हाला कळणार नाही. शिवाय वर्गणी बंद करणे अवघड करून ठेवणे हा प्रकार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत दिशाभूल करणाऱ्या रचनांमध्ये मोडतो. पुढील मजकूर पुरेसा आहे: ‘आपली मासिक वर्गणी १० ऑगस्टपासून ३०० ऐवजी ३६० रुपये होईल. १० ऑगस्टपूर्वीच्या कपातीला जुनाच दर राहील. पुढे चालू ठेवायचे नसल्यास या मेसेजला “बंद” असे उत्तर द्यावे. कारण कळवल्यास आम्हाला उपयोग होईल.’ आलेली उत्तरे तारखेसह जपून ठेवावीत. ‘बंद’ असे कळवूनही ज्याची पुढची वर्गणी कापली गेली, त्याला त्याच दिवशी पैसे परत करावेत आणि त्याची नोंद गेलेल्यांच्या रकान्यात, त्याने कळवलेल्या तारखेला करावी.