पोटातल्या ‘गाठी’ आणि अवधाण

प्रश्न: मुलीला दोन दिवस ताप आणि घसादुखी होती, पण ती सारखी ‘पोट दुखतंय’ म्हणत होती. सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘मेसेंटेरिक लिम्फॅडिनायटिस’ आलंय. डॉक्टर म्हणाले, ‘पोटात गाठी आल्यात.’ तेव्हापासून घरचे घाबरलेत. याला मराठीत नेमका शब्द आहे का? आणि घशाचा पोटाशी काय संबंध?

शब्द आहे, आणि तो चांगला घरगुती आहे: अवधाण. पायाची जखम चिघळली की जांघेत, हाताला गळू झालं की काखेत जो दुखरा गोळा येतो, त्याला अवधाण येणं म्हणतात. (लक्ष या अर्थाचं ‘अवधान’ वेगळं. बोलताना दोन्ही सारखी वाटतात, लिहिताना ‘ण’ सांभाळावा.) या शब्दाचं वैशिष्ट्य असं की मूळ दुखणं दुसरीकडे आहे हे त्यात गृहीतच असतं. जांघेतल्या अवधाणाला कुणी औषध लावत बसत नाही. पायाची जखम बघतात, ती भरली की अवधाण बसतं. तुमच्या रिपोर्टवर आलेला प्रकार बहुतेक मुलांमध्ये अगदी हाच असतो, फक्त जागा पोटाच्या आत असते, त्यामुळे तो हाताला लागत नाही.

आता रिपोर्टवरचं नाव सोडवू. मेसेंटरी म्हणजे लहान आतड्याला पोटाच्या मागच्या भिंतीशी धरून ठेवणारा झालरीसारखा पातळ पडदा. मराठी वैद्यकीय लेखनात त्याला आंत्रबंध म्हणतात. आतड्याकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आणि नसा याच पडद्यातून जातात आणि आतड्यातून येणारी लसीका, म्हणजे लिम्फ, याच पडद्यातल्या ग्रंथींमधून गाळली जाते. ‘लिम्फॅडिन’ म्हणजे ही लसीका ग्रंथी आणि शेवटचं ‘आयटिस’ म्हणजे शोथ: दुखरी, दाहयुक्त सूज. काही रिपोर्टवर ‘लिम्फॅडिनोपॅथी’ असतं. त्याचा अर्थ ग्रंथी नेहमीपेक्षा मोठी किंवा वेगळी दिसते एवढाच. ती कशामुळे, हे त्या शब्दात नाही. पुस्तकी प्रतिशब्द हवा असेल तर ‘आंत्रबंधातील लसीका ग्रंथिशोथ’ बिनचूक आहे, पण घरी सांगायला ‘पोटात अवधाण आलंय’ हेच जास्त उपयोगाचं.

‘गाठी’ चुकीचा नाही, पण फार सैल आहे. मराठीत गाठ म्हणजे कर्करोगाचीही, चरबीचीही, आणि ‘गंडमाळा’ ऐकलेल्यांच्या मनात क्षयाचीही. शिवाय ‘गाठी आल्यात’ म्हटलं की काहीतरी नवीन उगवलं असं वाटतं. वास्तविक या ग्रंथी सगळ्यांच्या पोटात जन्मापासून असतात. लहान मुलांच्या त्या तुलनेने मोठ्या असतात, कारण त्यांच्या शरीराची नवनव्या जंतूंशी पहिली ओळख त्या वयात होत असते. काहीही दुखत नसलेल्या मुलांची तपासणी केली तरी 5 मिलिमीटरहून मोठ्या ग्रंथी पुष्कळदा दिसतात. म्हणून आता अनेक तज्ज्ञ रुंदीला, म्हणजे आखूड बाजूने, 8 मिलिमीटर किंवा जास्त असेल तरच ती वाढलेली धरतात. रिपोर्टवर दोन मापं असतात, उदाहरणार्थ 14 × 7. त्यातलं लहान माप बघायचं. 14 बघून घाबरायचं कारण नाही, ग्रंथी मुळातच घेवड्याच्या दाण्यासारखी लांबट असते.

घशाचा संबंध मात्र जरा आडवळणाचा आहे. घशाची लसीका मानेतल्या ग्रंथींकडे जाते, पोटाकडे नाही. घसा सुजल्यावर जबड्याखाली जे लागतं, ते घशाचं खरं अवधाण. पोटातल्या ग्रंथी आतड्याची लसीका गाळतात. मग त्या का सुजतात? कारण घशाला त्रास देणारे अनेक विषाणू घशापुरते राहत नाहीत. अडिनोव्हायरस हे नेहमीचं उदाहरण: तो घसा, डोळे आणि आतडं अशा तिन्ही ठिकाणी वाढू शकतो. मूल थुंकी आणि शेंबूड गिळत असतं, त्यातूनही जंतू खाली जातात. लहान आतड्याचं शेवटचं टोक, जिथे ते मोठ्या आतड्याला मिळतं, तिथे संरक्षक पेशींचे पुंजके सर्वात दाट असतात. त्यामुळे सूजही तिथल्याच ग्रंथींना जास्त येते, म्हणजे पोटाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात. नेमकी तीच अपेंडिक्सची जागा, आणि सगळा घोटाळा इथून सुरू होतो. शिकागोचे बालरोगतज्ज्ञ जोसेफ ब्रेनमन यांनी 1921 मध्येच घशाच्या संसर्गातल्या पोटदुखीवर लिहिलं होतं. तेव्हा सोनोग्राफी नव्हती, आणि अशा मुलांचं पोट उघडल्यावर अपेंडिक्स निरोगी आणि शेजारच्या ग्रंथी सुजलेल्या, असं कितीदा तरी निघायचं.

सुजलेली ग्रंथी पडद्याला ताण देते आणि तिथल्या नसा दुखतात. पण या आतल्या नसांना नेमकी जागा सांगता येत नाही. लहान आतड्याची दुखणी मेंदूला बेंबीपाशी जाणवतात. म्हणून ‘एका बोटाने दाखव कुठे दुखतं’ म्हटलं की मूल बहुतेकदा बेंबीवर बोट ठेवतं. ते खोटं बोलत नसतं, त्याला खरोखर तिथेच दुखत असतं. शिवाय ताप आणि घसादुखीत पोट दुखण्याचं कारण दर वेळी ग्रंथीच असते असंही नाही. स्ट्रेप्टोकोकस जीवाणूच्या घसादुखीत डोकेदुखी, मळमळ आणि पोटदुखी ही मुलांची नेहमीची तक्रार आहे, आणि तिथे सोनोग्राफीत काही न दिसताही पोट दुखतं.

एक उदाहरण घेऊ. सात वर्षांची, 20 किलो वजनाची मुलगी. पहिल्या दिवशी घसा दुखतो, संध्याकाळी ताप 39 अंश. दुसऱ्या दिवशी पोट दुखायला लागतं, कळ येते आणि जाते, मधल्या वेळात ती खेळते. एकदा उलटी होते. उजवीकडे खाली दाबलं की दुखतं. अवधाणाच्या बाजूने सांगणाऱ्या गोष्टी अशा: ताप आणि घसा आधी, पोट नंतर, कळ बदलती, मूल वाकडं न होता चालतं. एक तपासणी डॉक्टर आवर्जून करतात: मुलीला डाव्या कुशीवर वळवून थोड्या वेळाने पुन्हा पोट दाबतात. आंत्रबंध सैल असल्याने सुजलेल्या ग्रंथी डावीकडे सरकतात आणि दुखरी जागाही बरीचशी सरकते. अपेंडिक्स सुजलं असेल तर दुखरी जागा सहसा तिथेच राहते. ही तपासणी सूचक आहे, निकाल नव्हे.

अपेंडिक्समध्ये क्रम बहुधा उलटा असतो. आधी बेंबीपाशी दुखतं, भूक पार जाते, मग उलटी, मग दुखणं उजवीकडे खाली उतरून तिथेच ठाण मांडतं आणि तासागणिक वाढतं. ताप सुरुवातीला बेताचाच. मूल चालताना पुढे वाकतं, उडी मारायला सांगितली तर मारत नाही किंवा मारून कळवळतं. पाच वर्षांखालच्या मुलांत हा क्रम पाळला जाईलच असं नाही, त्यामुळे त्यांच्या बाबतीत घरी निदान करत बसू नये. रिपोर्ट वाचताना ग्रंथींच्या ओळीआधी अपेंडिक्सची ओळ शोधा. अपेंडिक्स दिसलं आणि ते 6 मिलिमीटरपेक्षा बारीक, दाबल्यावर दबणारं आहे असं लिहिलं असेल तर चांगलं. ‘अपेंडिक्स नॉट व्हिज्युअलाइज्ड’ म्हणजे ते दिसलंच नाही. ते बरं आहे असा त्याचा अर्थ होत नाही. अपेंडिक्स सुजल्यावरही शेजारच्या ग्रंथी मोठ्या होतात, म्हणून नुसत्या ग्रंथी सापडल्या यावर समाधान मानणं ही या विषयातली सर्वात महागात पडणारी चूक.

दुसरी चूक छातीची. फुप्फुसाच्या खालच्या भागात न्यूमोनिया झाला तर मुलं छाती न दाखवता पोट दाखवतात, कारण तिथल्या आवरणाच्या आणि पोटाच्या भिंतीच्या नसा सामाईक आहेत. खोकला, भरभर श्वास किंवा श्वास घेताना नाकपुड्या फुलणं दिसलं तर पोट बाजूला ठेवून आधी छाती तपासायला हवी.

उपचार अवधाणाला नसतो, मुळाला असतो, आणि मूळ बहुतेकदा विषाणूचं असल्याने ते आपण होऊन ओसरतं. अँटिबायोटिक फक्त घशात स्ट्रेप्टोकोकस ठरला किंवा आतड्याचा विशिष्ट जीवाणू सापडला तर. दुखण्यासाठी आणि तापासाठी पॅरासिटामॉल, एका वेळी किलोमागे 15 मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान चार ते सहा तास, दिवसात चारपेक्षा जास्त नाही. या मुलीला 300 मिलिग्रॅम लागतील. 5 मिलीला 250 मिलिग्रॅम असं सिरप असेल तर 6 मिली, 5 मिलीला 120 असेल तर साडेबारा मिली. बाटल्या सारख्या दिसतात. पातळ सिरपचं माप जाड सिरपमधून घातलं तर डोस दुपटीवर जातो, म्हणून दर वेळी लेबलवरचा आकडा वाचून माप ठरवा, आणि सर्दीच्या दुसऱ्या औषधातही पॅरासिटामॉल नाही ना ते बघा. ॲस्पिरिन मुलांना द्यायचं नाही.

दुखणं साधारण एक ते चार आठवड्यांत जातं, कधी त्याहून थोडं जास्त रेंगाळतं. सूज दुखण्याच्या मागून उतरते, त्यामुळे मूल बरं असताना ‘गाठी गेल्या का’ बघायला पुन्हा सोनोग्राफी केली तर बहुधा त्या दिसतातच आणि काळजी उगाच वाढते. उलट, हिरवी उलटी, शौचात रक्त, पोट कडक होणं, दुखणं एका जागी थांबून वाढत जाणं, मुलाला सरळ उभं न राहवणं, मुलगा असेल तर वृषणात दुखणं किंवा सूज, यांतलं एक जरी दिसलं तरी त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखाना गाठावा.

घरच्यांच्या मनात क्षयाची शंका असेल तर रिपोर्टमधलेच शब्द उत्तर देतात. ‘फॅटी हायलम मेंटेन्ड’ म्हणजे ग्रंथीच्या मधली चरबीची नेहमीची रेघ जागेवर आहे, तिची घडण बिघडलेली नाही. ‘डिस्क्रीट’ म्हणजे सुटी सुटी. हे दोन शब्द असले की बहुधा अवधाणच. ‘मॅटेड’ म्हणजे एकमेकींना चिकटलेल्या आणि ‘नेक्रोटिक’ म्हणजे मध्ये कुजलेल्या. असे शब्द असतील, किंवा ताप आठवडे चालू असेल आणि वजन उतरत असेल, तर ते अवधाण म्हणून सोडून देऊ नये, पुढचा तपास लागतो.