क्यूबिक बेझिए वक्रांचे छेदनबिंदू: अर्धे करत जाताना थांबायचं कुठे?

प्रश्न: दोन क्यूबिक बेझिए वक्र कुठे छेदतात हे काढायला मी दोघांचे कंट्रोल पॉलिगॉन अर्धे करत बाउंडिंग बॉक्स तपासतोय. कुठे थांबायचं ते कळत नाही, एकच बिंदू तीन-चारदा येतो, आणि काही वक्रांवर प्रोग्राम अडकूनच बसतो. काय चुकतंय?

उत्तर:

तुमची पद्धत बरोबर आहे, फक्त चौकटीच्या तपासणीकडून तुम्ही जास्त अपेक्षा ठेवताय असं वाटतं. बेझिए वक्र कायम आपल्या चार कंट्रोल पॉइंटच्या बहिर्वक्र आवरणात राहतो. त्यामुळे चार बिंदूंच्या किमान-कमाल x आणि y ची चौकट काढली तर वक्र तिच्याबाहेर जाऊच शकत नाही. दोन चौकटी वेगळ्या असतील तर छेद नाही, हे पक्कं. त्या एकमेकींवर आल्या तर मात्र एवढंच कळतं की अजून काही ठरलेलं नाही. ही तपासणी नकार देऊ शकते, होकार कधीच देत नाही. होकारासाठी वेगळी कसोटी लागते, ती पुढे येईल.

अर्धे करणं म्हणजे द कास्तेलजाऊची रीत t = 1/2 ला, निव्वळ मध्यबिंदूंचा खेळ:

```python
def split(p0, p1, p2, p3):
    a, b, c = mid(p0, p1), mid(p1, p2), mid(p2, p3)
    d, e = mid(a, b), mid(b, c)
    m = mid(d, e)
    return (p0, a, d, m), (m, e, c, p3)
```

आता एक उदाहरण कागदावर करून बघा. A ही कमान: (०,०), (०,९६), (९६,९६), (९६,०). B: (−१६,१६), (१६,१६), (१६,८०), (४८,११२). A अर्धा केला की डावा तुकडा (०,०), (०,४८), (२४,७२), (४८,७२) आणि उजवा (४८,७२), (७२,७२), (९६,४८), (९६,०). पूर्ण A ची चौकट ९६ पर्यंत उंच होती, आता ती ७२ वर आली, आणि कमानीची खरी उंची तेवढीच आहे. B चे तुकडे (१६,५२) ला जुळतात. डाव्याची चौकट x मध्ये −१६ ते १६ आणि y मध्ये १६ ते ५२, तर उजव्याची x मध्ये १६ ते ४८ आणि y मध्ये ५२ ते ११२.

चार जोड्यांपैकी A-उजवा आणि B-डावा ही जोडी लगेच बाद होते. A-डावा मात्र B च्या दोन्ही तुकड्यांशी टिकतो. चौथी जोडी मजेशीर आहे: A-उजवा x = ४८ ला सुरू होतो आणि B-उजवा बरोबर x = ४८ ला संपतो. चौकटी फक्त कडेला टेकल्यात. इथे बाद करायचं नाही, म्हणजे तुलना `<=` ने करायची. `<` लिहिलं तर नेमके तुकड्यांच्या सांध्यावरचे छेद हरवतात, आणि ही चूक चाचणीत सहज सापडत नाही. या जोडीत छेद नाहीच. पुढच्या पायरीला B च्या वरच्या अर्ध्याची चौकट y = ८३.५ पासून सुरू होते, खालचा अर्धा x = २९ लाच संपतो, आणि जोडी आपोआप गळते.

थांबायचं कुठे, याचं उत्तर अंदाजाने ठरवू नका. तुकडा त्याच्या जीवेपासून (टोकं जोडणाऱ्या रेषेपासून) किती दूर जाऊ शकतो याची मर्यादा अशी:

```
d <= 0.75 * max(|P0 - 2*P1 + P2|, |P1 - 2*P2 + P3|)
```

दर वेळी अर्धं केलं की ही मर्यादा चौपट घटते. A साठी कंसातली मोठी किंमत सुमारे १३५.८ आहे, म्हणून d सुमारे १०२. तुम्हाला ०.०१ पुरत असेल तर १०२ ला ४ ने इतक्यांदा भागायचं की ०.०१ च्या खाली येईल: सात वेळा. B लाही सातच लागतात. म्हणजे सात पातळ्यांनंतर तुकडे सरळ रेषा समजा आणि टिकलेल्या प्रत्येक जोडीत रेषाखंडांचा छेद काढा. होकाराची कसोटी ती हीच. रेषाखंडांवरचे u, v काटेकोर ० ते १ मध्ये बघू नका, −०.०५ ते १.०५ चालू द्या, कारण जीवा वक्रापासून किंचित सरकलेली असते आणि सांध्याजवळचा छेद दोन्ही तुकड्यांतून निसटू शकतो. मग तुकड्याच्या t आणि s च्या हद्दीतून मूळ किंमत काढून A(t) − B(s) = 0 वर न्यूटनच्या एक-दोन फेऱ्या मारा. वरच्या उदाहरणात (२.७४, २६.१७) आणि (१८.४१, ५८.११) असे दोनच बिंदू येतात. दुसऱ्याला t ≈ ०.२८ आणि s ≈ ०.५५.

एकच बिंदू तीन-चारदा येणं स्वाभाविक आहे. छेद दोन्ही वक्रांच्या सांध्यावर पडला तर चार जोड्या त्याच्यावर हक्क सांगतात, आणि वर दिलेल्या सवलतीमुळे नक्कल थोडी वाढतेच. न्यूटननंतर जवळचे बिंदू एकत्र करा, पण x, y बघून नाही. t आणि s दोन्ही जवळ असतील तरच. स्वतःलाच छेदणारा वक्र त्याच जागेतून दोनदा जातो. तिथे दुसरा वक्र गेला तर x, y एकच असले तरी ते दोन वेगळे छेद आहेत.

राहिलं अडकणं. रिकर्शन काढून पातळीवार यादी ठेवा आणि प्रत्येक पातळीला किती जोड्या टिकल्या ते छापा. तो आकडाच रोग सांगतो. स्वच्छ आरपार छेद असतील तर आकडा दर छेदामागे दोन-चारवर स्थिर राहतो. तिरप्या दिशेने वक्र नुसते स्पर्श करत असतील तर तो साधारण दर दोन पातळ्यांना दुप्पट होतो. हे सहन करण्यासारखं आहे, फक्त तिथे न्यूटनचा डिटरमिनंट शून्याकडे जातो, म्हणून फेऱ्यांना मर्यादा हवी. आकडा दर पातळीला दुप्पट होत असेल तर वक्रांचा एक भाग एकमेकांवर तंतोतंत बसलाय. सारख्याच दोन वक्रांत प्रत्येक तुकडा आपल्या जोडीदाराला आणि दोन शेजाऱ्यांना भिडतो, म्हणजे k पातळीला सुमारे ३·२^k जोड्या. सात पातळ्यांना त्या चारशेच्या आत असतात, वीस पातळ्यांना तीस लाखांवर जातात. तुमचा प्रोग्राम बहुधा इथेच बसतोय.

अशा वेळी आणखी अर्धे करण्यात अर्थ नाही. एकमेकांवर बसलेला भाग कुठल्यातरी वक्राच्या टोकालाच सुरू होतो आणि टोकालाच संपतो. चारही टोकं दुसऱ्या वक्रावर आहेत का ते तपासा. दोन सापडली तर त्यांच्या मधले आठ बिंदूही तपासा. दोन वेगळे क्यूबिक जास्तीत जास्त नऊच बिंदूंत भेटू शकतात, त्यामुळे टोकांसकट दहा बिंदू जुळले तर वक्र एकच आहे, आणि उत्तर बिंदू म्हणून नव्हे तर t ची हद्द म्हणून द्यायचं.