ऑडिटचा दीड पानी मुद्दा बोर्डापुढे कसा मांडावा?

प्रश्न: नागरी सहकारी बँकेतल्या कॅश क्रेडिट खात्यांवरचा मुद्दा दीड पानांचा झालाय. निरीक्षण, कारण, शिफारस असा कसा बसवू?

उत्तर: निरीक्षणात फक्त मोजलेलं लिहा. समजा, ‘४० पैकी ११ खात्यांत तीन महिन्यांहून जुन्या स्टॉक स्टेटमेंटवर ड्रॉइंग पॉवर चालू.’ लगेच धोका सांगा: अशी थकबाकी अनियमित ठरते आणि ती स्थिती सलग ९० दिवस राहिली तर खातं एनपीए.

खरी गडबड कारणात होते. ‘शाखेचं दुर्लक्ष’ म्हणजे निरीक्षणच पुन्हा, जरा रागावून. स्टॉक स्टेटमेंटची मुदत संपली तरी सिस्टीम जुनीच ड्रॉइंग पॉवर चालू ठेवते, हे कारण. मग शिफारस त्यातूनच निघते: मुदतीनंतर ड्रॉइंग पॉवर आपोआप बंद व्हावी, जबाबदारी कर्ज विभागप्रमुखांची, तारखेसह. खात्यांची यादी परिशिष्टात टाका.