मिडिएशन आणि मॉडरेशन यांत नेमका फरक काय? माझ्या प्रबंधात तणाव, झोप आणि मूड आहेत, तर झोप यातलं काय?

एसटीच्या पाटीवर 'मार्गे' लिहिलेलं असतं ना, मिडिएटर म्हणजे ते 'मार्गे'. तणाव वाढला म्हणून झोप कमी झाली, झोप कमी झाली म्हणून मूड बिघडला. तणाव ते मूड, मार्गे झोप. मॉडरेटर असा वाटेत लागत नाही. तणावाचा फटका किती जोरात बसणार, एवढंच तो ठरवतो. ऑफिसात दोघींवर ताण सारखाच, पण रोज आठ तास झोपणारी थोडी चिडचिड करते आणि पाच तासांवर दिवस काढणारी पार कोलमडते. इथे तणावाने कुणाची झोप उडवली असं आपण म्हणतच नाही.

झोप दोन्ही होऊ शकते. तुम्ही काय विचारताय त्यावर ते ठरतं. मी एमएच्या मुलांना संख्याशास्त्र शिकवते. 'झोप ही मॉडरेटर असल्यामुळे तणावाने झोप कमी होऊन मूड खालावतो' असं वाक्य दर वर्षी एखाद्या प्रबंधात सापडतंच. वाक्य मिडिएशनचं, नाव मॉडरेशनचं.

आता आकडे घेऊ, सगळे काल्पनिक. तणाव ० ते १० गुणांत, झोप तासांत, आणि मूडचे गुण जितके जास्त तितका मूड वाईट. मिडिएशनसाठी दोन रिग्रेशन लागतात. पहिल्यात तणावावरून झोप: तणाव एक गुण वाढला की झोप ०.३ तास, म्हणजे १८ मिनिटं घटते. दुसऱ्यात तणाव आणि झोप दोन्हींवरून मूड: तणाव सारखाच असलेल्या दोघांत जो तासभर कमी झोपतो त्याचे मूडचे गुण २ ने जास्त. मग झोपेमार्गे जाणारा परिणाम ०.३ × २ = ०.६. त्याच रिग्रेशनमध्ये तणावाचा थेट परिणाम ०.४ आला, तर एकूण १.०. हा ०.६ खरा की योगायोग, हे हल्ली बूटस्ट्रॅपने बघतात: आपल्याच नमुन्यातून पुन्हा पुन्हा, हजारो वेळा माणसं उचलायची (एकच माणूस दोनदा आला तरी चालेल), दर वेळी तो गुणाकार काढायचा, आणि मधल्या ९५ टक्के उत्तरांत शून्य येतं का ते पाहायचं. बॅरन आणि केनी यांच्या १९८६ च्या लेखातल्या पायऱ्या अजून पुष्कळ गाइड मागतात. मागितल्या तर द्या, पण सोबत बूटस्ट्रॅपही द्या.

मॉडरेशनला एकच रिग्रेशन पुरतं, फक्त त्यात तणाव आणि झोप यांचा गुणाकारही घालायचा. आर वापरत असाल तर:

```
lm(mood ~ stress * sleep)
```

समजा तणावाचा सहगुणक ३.० आला आणि गुणाकाराचा −०.३. म्हणजे तणावाचा परिणाम ३.० − ०.३ × झोप. पाच तास झोपणाऱ्यात तो १.५, आठ तासवाल्यात ०.६. मुलं अडखळतात ती त्या ३.० वर. 'तणावाचा परिणाम ३' असं लिहून मोकळी होतात. पण तो परिणाम शून्य तास झोपणाऱ्या माणसाचा आहे, आणि असा माणूस तुमच्या नमुन्यात नाही. झोपेतून तिची सरासरी, समजा ७ तास, वजा करून तेच रिग्रेशन पुन्हा चालवा. ३.० च्या जागी ०.९ दिसेल, −०.३ मात्र जागचा हलणार नाही. मॉडरेशन आहे की नाही ते त्या न हलणाऱ्या आकड्यावरून ठरतं.

तुमच्या प्रबंधाची खरी अडचण पुढे आहे. तिन्ही गोष्टी एकाच प्रश्नावलीत, एकाच दिवशी विचारल्या असतील तर मिडिएशनचा दावा डळमळीत होतो. मूड आणि झोप यांची अदलाबदल करून बघा: तणावाने मूड बिघडला आणि मूडने झोप उडवली. हेही गणित बहुतेक वेळा तितकंच छान जुळतं, आणि कुठलं खरं ते आकडे सांगत नाहीत. म्हणून शक्य असेल तर आठवडा-दोन आठवडे रोजनिशी भरून घ्या: तणाव संध्याकाळी, झोप सकाळी उठल्यावर, मूड दुपारी. यात एकाच माणसाच्या अनेक नोंदी येतात, त्यामुळे साधं रिग्रेशन चालणार नाही, मल्टिलेव्हल मॉडेल लागेल. तेवढ्यानेही सगळं सुटत नाही. घरात तान्हं बाळ असेल तर झोपही जाते आणि मूडही, आणि तुम्ही तो बिघडलेला मूड झोपेच्या खात्यावर टाकता. अशा गोष्टी आधीच विचारून ठेवा.

मॉडरेशन तपासायचं असेल तर कालची झोप घेऊ नका, कारण ती तणावाने आधीच बदललेली असू शकते. गेल्या महिन्यातली नेहमीची झोप विचारा, तीही तणाव मोजायच्या आधी.