काकांचे पैसे कुणाच्या अकाउंटला दाखवायचे?

हे बघ, परदेशी शिकायला काका-मामा पैशांची मदत करतायत ते चांगलंच, पण स्टुडंट व्हिसासाठी ते पैसे कुठल्या अकाउंटला दिसणार हे आधी ठरव, कारण देशाप्रमाणे नियम बदलतो. यूकेला नातेवाइकांपैकी आईवडिलांचं अकाउंट चालतं, काकांचं स्टेटमेंट जोडून उपयोग नाही, त्यामुळे काकांनी रक्कम तुझ्या किंवा बाबांच्या खात्यात टाकायची आणि मग सलग 28 दिवस हात लावायचा नाही, मधे एक दिवस जरी बॅलन्स लागणाऱ्या रकमेखाली गेला तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून. बाबांचं खातं असेल तर तुझा जन्मदाखला आणि त्यांचं संमतीपत्र पण लागतं.

अमेरिकेला काका स्वतः स्पॉन्सर होऊ शकतात, तिथे पैसे उगाच हलवू नका असंच मी सांगेन. समज खर्चाचे सहा भाग बाबांचे नि चार काकांचे, तर काकांचं स्टेटमेंट, उत्पन्नाचा पुरावा आणि 'एवढी रक्कम देतोय' असं सहीचं पत्र वेगळं लाव. तेच चार भाग इंटरव्ह्यूच्या तोंडावर बाबांच्या खात्यात एकदम आले की पगाराशी मेळ बसत नाही, उसने आणून दाखवलेत असं वाटतं. आधीच टाकले असतील तर काकांच्या खात्यातून ते निघाल्याची एन्ट्री असलेलं स्टेटमेंट आणि गिफ्टचं पत्र सोबत ठेव.